वीस वर्षांचा हात, बेचाळीस गुण

हडपसरचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त सहकुटुंब इंग्लंडात लेस्टरला गेले. पुण्याच्या वाहतुकीत वीस वर्षं गाडी चालवलेली, घाटात रात्री-अपरात्री नेलेली, एकदाही कुठे ठोकलेली नाही. तिथे वास्तव्याला गेल्यावर भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते. पुढे मात्र नवशिक्याप्रमाणे प्रोव्हिजनल लायसन्स काढून आधी थिअरी टेस्ट द्यावी लागते. तीही इंग्रजीतून, कॉम्प्युटरसमोर बसून. गाडी तर तिथेही डावीकडूनच चालते, मग अभ्यास कसला करायचा, असं म्हणून ते गेले आणि नापास होऊन आले.

पन्नास प्रश्नांपैकी किमान त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. यांचे आले बेचाळीस. कोणते चुकले ते निकालपत्र सांगत नाही, फक्त विषय सांगतं. मग त्यांनी सरावाचं पुस्तक आणलं, आणि आपली वीस वर्षं त्याच्याशी ताडून पाहायला बसले.

पहिली ठेच डिपरला लागली. आपल्याकडे समोरून कुणी डिपर मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. इंग्लंडच्या रस्त्यावर बरेच चालक तोच दिवा ‘तुम्ही आधी जा’ म्हणून दाखवतात. तिथलं नियमांचं पुस्तक, ‘हायवे कोड’, या दोन्ही अर्थांना मान देत नाही. त्याच्या लेखी दिव्याचा अर्थ एवढाच: मी इथे आहे. समोरच्याने दिवा दाखवला म्हणून आपल्याला वाट मिळाली असं समजू नका, असंही ते बजावतं. यात तथ्य आहे. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ घेऊन दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर दोघांचंही चूक नसताना धडक होऊ शकते.

पिवळ्या दिव्याचंही तसंच. पुण्यात पिवळा म्हणजे ‘लवकर सटका’. पुस्तकात पिवळा म्हणजे थांबा. रेषा ओलांडून झाली असेल किंवा आता ब्रेक दाबणंच धोक्याचं असेल, तेवढीच सूट. गंमत म्हणजे भारतातला नियमही काही वेगळा नाही. पण त्यांचं लायसन्स एजंटमार्फत निघालं होतं आणि पुस्तक उघडायची वेळच आली नव्हती.

पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, पावसात दुप्पट. ताशी तीस मैल, म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस किलोमीटर वेगाला हे अंतर सत्तावीस मीटरच्या आसपास भरतं. मगरपट्ट्याजवळ एवढी जागा सोडली तर त्यात दोन रिक्षा आणि एक टेम्पो घुसेल. त्यामुळे त्यांचं उत्तर चुकलं यात नवल नाही. त्यांनी रोज सुरक्षित वाटणारं अंतर लिहिलं होतं.

खरा धक्का दुसऱ्या भागाचा होता. त्याला हॅझर्ड परसेप्शन म्हणतात. रस्त्याच्या चौदा छोट्या चित्रफिती दाखवतात आणि धोका उभा राहू लागला की माउस दाबायचा. एका फितीत दोन धोके असतात, म्हणजे एकूण पंधरा. लवकर ओळखला तर पाच गुण, उशीर होईल तसे कमी. पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस हवेत; यांना मिळाले एकतीस.

घोटाळा असा झाला. कडेला उभ्या गाडीची पुढची चाकं किंचित वळलेली दिसली आणि यांनी लगेच बटण दाबलं. अनुभवी डोळा! पण परीक्षेच्या हिशेबात गाडी हलू लागेपर्यंत तो फक्त संभाव्य धोका असतो. गुण द्यायची वेळ अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून शून्य. दुसऱ्या फितीत दूरवर एक बाई रस्त्यात उतरली, तेव्हा यांनी काहीच केलं नाही. पुण्यात त्यांनी अशा वेळी फक्त हॉर्नवर अंगठा ठेवला असता. परीक्षेत मात्र ज्याच्यासाठी वेग किंवा दिशा बदलावी लागते तो धोका, आणि तिथे ब्रेक लावणं अपेक्षित होतं.

उपाय साधा निघाला. शंका आली की एकदा दाबायचं आणि ती गोष्ट खरोखर हलू लागली की पुन्हा. सारखं टकटक मात्र करायचं नाही, कारण ठरावीक तालात दाबत राहिलं तर त्या फितीचे सगळे गुण जातात. तीन आठवडे रोज संध्याकाळी मुलीला शेजारी बसवून त्यांनी सराव केला. ‘बाबा, थांबा, अजून हलली नाहीये,’ असं ती ओरडायची.

दुसऱ्या वेळी सेहेचाळीस आणि बावन्न गुण मिळाले. मग प्रत्यक्ष गाडीच्या परीक्षेआधी त्यांनी एका प्रशिक्षकाकडे तास लावला. पहिलाच मोठा चौक आला. सरळ जायचं होतं, आणि त्यांचा डावा हात सवयीने चारही इंडिकेटर एकदम लावायच्या लाल बटणाकडे गेला. शेजारून प्रशिक्षकाने विचारलं, ‘गाडी बंद पडली का?’