स्लाइडवरचे आकडे: देवनागरी की इंग्रजी?

मराठी स्लाइडवर १४ असं लिहिलं आणि आजूबाजूला सगळे आकडे इंग्रजी असले, तर मागच्या रांगेतल्या माणसाला ते 98 वाटू शकतं. इंग्रजी अंकांना सरावलेल्या नजरेला १ हा 9 सारखा आणि ४ हा 8 सारखा दिसतो. ५ सुद्धा घाईत 4 भासतो. सगळी स्लाइड एकाच अंकांत असली की नजर लगेच रुळते आणि असा घोळ होत नाही. अडचण येते ती सरमिसळीमुळे, आणि ही सरमिसळ चटकन लक्षातही येत नाही. २, ३ आणि ० हे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून २०२३ आणि 2023 शेजारी शेजारी असूनही कित्येकदा सुटून जातात.

समजा, गावातल्या दूध संस्थेची वार्षिक सभा आहे. तीन वर्षांचं संकलन दाखवायचंय: ११.४, १२.१ आणि १४.८ लाख लिटर. मजकूर मराठी कीबोर्डवर टाइप केलेला, त्यामुळे तिथले अंक देवनागरी. तक्ता संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून उचललेला, तो इंग्रजी. चार्ट एक्सेलच्या आकड्यांवरून काढलेला, तोही इंग्रजी. वर मोठ्या अक्षरांत १४.८ आणि खाली स्तंभाच्या डोक्यावर 14.8. सभासदाला हे दोन्ही एकच आहेत हे आधी जुळवावं लागतं, मग वाढ किती झाली याचा विचार.

मग कोणते अंक घ्यायचे? माझं मत असं की, ऐकणाऱ्याच्या हातात कोणता कागद आहे ते बघून ठरवावं. सभासदांना छापील अहवाल दिलाय आणि त्यात देवनागरी अंक आहेत, तर स्लाइडही देवनागरीत. पण सभेत रोजच्या फॅट-एसएनएफच्या पावत्या ताडून बघायच्या असतील आणि त्या पावत्या मशीनवर इंग्रजीत छापलेल्या असतील, तर मजकुरासकट सगळं इंग्रजी अंकांत करावं. त्याने मराठीला उणेपणा येत नाही. मोबाइल नंबर, खाते क्रमांक, आयएफएससी कोड मात्र दोन्ही वेळा इंग्रजीतच ठेवा, कारण ते लोकांना जसेच्या तसे टाइप करायचे असतात.

आपल्या उदाहरणात अहवाल देवनागरीत आहे असं धरू. इथे बरेच जण चार्टच्या शीटमध्ये १४.८ असं थेट देवनागरीत टाइप करतात. तो आकडा सेलमध्ये डावीकडे जाऊन चिकटला, तर एक्सेलने तो मजकूर म्हणून घेतलाय असं समजा. मग बेरजेत तो धरला जात नाही आणि चार्टमध्ये त्याचा स्तंभ शून्यावर बसतो. म्हणून शीटमध्ये आकडे इंग्रजीतच राहू द्या, फक्त दिसणं बदला. चार्टवरच्या आकड्यांवर राइट क्लिक करून Format Data Labels उघडा, Number मध्ये जा, Linked to source वरची खूण काढा आणि Format Code मध्ये हे भरा:

```
[$-4000439]0.0
```

आतला आकडा 14.8 च राहतो, पडद्यावर १४.८ दिसतो. उभ्या अक्षासाठी हेच Format Axis मध्ये करायचं. आडव्या अक्षावरची वर्षं मात्र निव्वळ नावं आहेत, ती शीटमध्ये सरळ देवनागरीत लिहिली तरी चालतात. ‘लाख लिटर’ हे एकक शीर्षकातच दिलं, तर 14,80,000 सारख्या आकड्यांतल्या स्वल्पविरामांची कटकटही टळते.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून आणलेला मजकूर वेगळाच दगा देतो. तिथे देवनागरी दिसणारा १ आतून इंग्रजी 1 असू शकतो, नुसता फाँटने त्याला देवनागरी रूप दिलेलं असतं. फाँट बदलला की तो उघडा पडतो. शंका आली तर तो आकडा नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे 1 दिसला, तर तो पुन्हा टाइप करावा लागेल.

विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्येही अंक बदलण्याची सोय आहे, पण स्लाइडसाठी तिच्यावर विसंबू नये. ती सेटिंग त्या एका कॉम्प्युटरपुरती असते, आणि सभागृहातला कॉम्प्युटर तुमचा नसतो. वरचा कोडसुद्धा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तसाच चालेल असं नाही. सगळ्यात शेवटी पीडीएफ काढा आणि ती पानं कागदावर घेऊन तपासा: आधी वर्षं, मग चार्टचे अक्ष, तक्त्यातली बेरीज आणि कोपऱ्यातले स्लाइड क्रमांक. हे क्रमांक आपोआप पडतात, त्यामुळे बाकी सगळं देवनागरी झालं तरी बहुधा तेवढेच इंग्रजीत उरतात. ते हाताने लिहा, नाहीतर काढून टाका.