२०० अक्षरांत रिक्रूटरला काय लिहायचं?

आजचा विषय छोटा आहे, अगदी २०० अक्षरांचा. लिंक्डइनवर एखाद्या रिक्रूटरला, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या व्यक्तीला, जोडणीची विनंती पाठवताना सोबत जी चिठ्ठी जाते, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. व्याख्यान वाशिमला होतंय, म्हणून उदाहरणही इथलंच घेऊ. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. शेती सोयाबीनची, मोठे कारखाने फारसे नाहीत. डिप्लोमा किंवा डिग्री झालेला मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी पुणे, छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर बघते. तिथल्या रिक्रूटरला आपल्या गावचं, कॉलेजचं, ओळखीचं कोणी माहीत नसतं. पुण्यात राहणारा मुलगा कंपनीच्या गेटवर जाऊन बायोडेटा देऊन येऊ शकतो. रिसोडच्या मुलीला त्यासाठी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागतं. म्हणून ही चिठ्ठी आपल्याकडे जरा जास्त महत्त्वाची.

आधी मर्यादा समजून घेऊ. पूर्वी सगळ्यांनाच ३०० अक्षरं मिळत. आता मोफत खात्याला २०० आणि पैसे भरून प्रीमियम घेतलेल्याला ३०० मिळतात. शिवाय मोफत खात्यावरून महिन्याला मोजक्याच विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते. बाकीच्या विनंत्या कोऱ्या जातात. हे नियम लिंक्डइन अधूनमधून बदलतं, त्यामुळे चिठ्ठीच्या चौकटीखाली जो आकडा दिसतो तोच खरा धरायचा. मुद्दा असा की चिठ्ठ्या मोजून मिळतात, तेव्हा दिसेल त्याला वाटायच्या नाहीत.

आता 'अक्षर' म्हणजे काय, इथे आपली मुलं हमखास अडखळतात. आपण 'महाराष्ट्र' म्हणतो तेव्हा म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं मोजतो. संगणक तसं मोजत नाही. त्याच्या लेखी काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तसुद्धा वेगळा. म्हणून 'महाराष्ट्र' हा शब्द १० अक्षरांचा होतो. दोन शब्दांमधली मोकळी जागाही एक धरली जाते. एसएमएसमध्ये याहून वाईट होतं. तिथे इंग्रजीला १६० अक्षरं मिळतात आणि मजकुरात देवनागरी आली की ७०च. लिंक्डइनवर तशी कपात नाही, पण २०० म्हणजे दिसतात तेवढी २०० अक्षरं नव्हेत, एवढं लक्षात ठेवा.

जुन्या मंडळींना तार आठवत असेल. आपल्याकडे ती जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेत पैसे शब्दाला पडत, म्हणून लोक शब्द कमी करत आणि लांब शब्द बिनधास्त वापरत. इथे उलटं आहे. इथे लांब शब्द महाग. 'यंत्र अभियांत्रिकी' लिहिलंत तर १८ अक्षरं गेली, 'मेकॅनिकल' लिहिलंत तर ८. शुद्ध मराठीचा आग्रह आम्हालाही आहे, पण तो इथे नको.

चला, एक चिठ्ठी घेऊ. समजा रिसोडची एक मुलगी आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, मग वाळूजच्या एका कारखान्यात तिने ८ महिने अप्रेंटिसशिप केली. तिथे ती तयार सुटे भाग व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजून पास-नापास करत होती. आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाली आहे. तिने अर्ज भरला आणि रिक्रूटरला लिहायला बसली. शाळेत शिकवलेला अर्जाचा नमुना डोक्यात पक्का, म्हणून पहिला मजकूर असा होतो:

'आदरणीय महोदया, सविनय नमस्कार. मी वाशिम जिल्ह्यातील रिसोड येथील रहिवासी असून यंत्र अभियांत्रिकीची पदविका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक आहे. आपल्या नामांकित कंपनीत माझ्या योग्यतेनुसार एखादी संधी असल्यास कृपया कळवावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू'

ही होते २७६ अक्षरं. गंमत बघा, २००वं अक्षर कुठे येतं? 'आपल्या नामांकित कंपनीत माझ्या' इथे. म्हणजे मागणी सुरू व्हायच्या आतच जागा संपली. वरचं अभिवादन २९ अक्षरांचं, मेहनती-प्रामाणिकचं वाक्य ३३, शेवटची नम्र विनंती आणि विश्वासू २९. ही ९१ अक्षरं कोणत्याही अर्जावर तशीच्या तशी डकवता येतील. आणि जे सांगायलाच हवं होतं, कोणती जागा आणि वाळूजचं काम, ते यात नाहीच!

काय ठेवायचं हे ठरवायला पलीकडच्या माणसाला काय दिसतं ते बघावं लागतं. विनंतीसोबत तुमचा फोटो, नाव आणि नावाखालची ओळ, जिला हेडलाइन म्हणतात, ती आपोआप जाते. म्हणून 'माझं नाव अमुक' लिहून अक्षरं घालवायची नाहीत. चिठ्ठी लांब असेल तर यादीत तिचा सुरुवातीचा भागच दिसतो, पुढचं उघडून वाचावं लागतं. म्हणून जागेचं नाव पहिल्या वाक्यात हवं. रिक्रूटरच्या टेबलावर एकाच वेळी अनेक जागा असतात. कोणत्या जागेबद्दल बोलताय हे कळलं नाही तर तो तुम्हाला कोणत्याच यादीत बसवू शकत नाही.

त्यानंतर त्याच्या मनात दोन शंका येतात. हिला हे काम येतं का? आणि ही खरंच येऊन रुजू होईल का? दुसरी शंका आपल्या जिल्ह्यातल्या मुलांबाबत जास्त असते, कारण प्रोफाइलवर ठिकाण वाशिम दिसतं आणि जागा चाकणची असते. काही मुलं यावर उपाय म्हणून प्रोफाइलवर सरळ पुणे टाकतात. आमचं मत, तसं करू नये. मुलाखतीला 'उद्या या' म्हटलं की उघडं पडतं. त्यापेक्षा 'Open to work' मध्ये पसंतीचं ठिकाण म्हणून पुणे घाला आणि शंकेचं उत्तर चिठ्ठीत द्या. मात्र सोय खरंच झाली असेल तरच तसं लिहा.

मग चिठ्ठी अशी होते:

'नमस्कार मॅडम. चाकणच्या क्वालिटी इन्स्पेक्टर जागेसाठी अर्ज केला आहे. मेकॅनिकल डिप्लोमा, वाळूजला ८ महिने व्हर्नियर-मायक्रोमीटरवर तपासणी. पुण्यात राहायची सोय आहे, १५ दिवसांत रुजू होईन. जागा अजून आहे का?'

मोजली तर १९९. एक अक्षर शिल्लक राहिलं. 'मेहनती' हा शब्द गेला, पण आठ महिने मायक्रोमीटर धरला होता हे कळलं, आणि ज्याला क्वालिटीतलं कळतं त्याला तेवढं पुरतं. शेवटचा प्रश्न मुद्दाम असा आहे की त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देता येतं. 'मला नोकरी मिळवून द्या' याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ते त्याच्या एकट्याच्या हातातही नसतं. 'मार्गदर्शन करावे' हेही तसंच, नेमकं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही.

चिठ्ठी मराठीत की इंग्रजीत, हा प्रश्न इथे विचारला जातोच. रिक्रूटरच्या स्वतःच्या पोस्ट मराठीत असतील तर मराठीत खुशाल लिहा. नाहीतर इंग्रजीत लिहा, कारण आडनावावरून माणूस मराठी वाचतो असं धरता येत नाही. मजकुराचा क्रम तोच ठेवायचा: जागा, काम, रुजू होणं, प्रश्न. रोमन लिपीतली मराठी मात्र टाळा. ती व्हॉट्सॲपवर ठीक, अनोळखी माणसाला ती अडखळत वाचावी लागते.

आता पाठवायची कुणाला? कंपनीचं नाव टाकून जे पहिले दहा एचआर दिसतील त्यांना नाही. जागेच्या जाहिरातीखाली कधी कधी 'Meet the hiring team' असा भाग असतो, तिथे जाहिरात टाकणाऱ्याचं नाव मिळतं. तो पहिला माणूस. ते नसेल तर कंपनीत 'टॅलेंट ॲक्विझिशन' असं पद असलेली आणि त्याच शहरातली व्यक्ती शोधा. एचआर म्हटलं की सगळे भरतीच करतात असं नाही. कुणी पगारपत्रकं बघतं, कुणी कामगार कायद्याचं काम. काही रिक्रूटर कंपनीचे नसून कन्सल्टन्सीचे असतात, अनेक कंपन्यांसाठी माणसं शोधतात. त्यांना लिहायला हरकत नाही. पण कुणी नोंदणी फी, गेटपास किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं की तिथेच थांबायचं. चिठ्ठीत मोबाइल नंबर लिहू नये, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण साधं आहे: जागा जाते.

पाठवताना एक खड्डा आहे. मोबाइलवर ओळखीच्या सूचनांच्या यादीत 'Connect' दाबलं की विनंती लगेच निघून जाते, चिठ्ठी विचारतच नाही. म्हणून आधी त्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडा आणि तिथून 'Add a note' किंवा 'Personalize invite' शोधा. अनेक रिक्रूटरांच्या प्रोफाइलवर समोर 'Follow' दिसतं आणि 'Connect' हे 'More' मध्ये दडलेलं असतं. मजकूर आधी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून, वाचून, मग चिकटवा. एकदा गेलेली चिठ्ठी दुरुस्त करता येत नाही. विनंती मागे घेता येते, पण मग त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. कंपनीचं नाव चुकलं तर तीन आठवड्यांत जागा भरूनही गेलेली असते.

आणि विनंती स्वीकारली गेली तर? तुमची चिठ्ठी संदेशांच्या खिडकीत पहिला संदेश म्हणून बसते आणि तिथे २००ची अट राहत नाही. मग बायोडेटाची पीडीएफ जोडा, अर्जाचा क्रमांक लिहा, मोबाइल नंबरही आता द्या. चिठ्ठीतला मजकूर पुन्हा लिहायची गरज नाही, तो वरच दिसत असतो. विनंती स्वीकारली पण उत्तर आलं नाही, तर आठवड्याभराने एकदा विचारा, तोच प्रश्न: जागा अजून आहे का? तरीही काही आलं नाही तर पुढच्या जाहिरातीकडे वळा, कारण या महिन्यातल्या दोन-तीन चिठ्ठ्या अजून शिल्लक असतील.