कागद चुकला की एलसी बदलायची?

परदेशातून माल मागवणाऱ्या छोट्या उद्योजकाला पुरवठादार जहाज सुटण्याआधी कागदपत्रांचे मसुदे ईमेलने पाठवतो. ते एलसीशी जुळत नाहीत असं दिसलं की बहुतेक जण लगेच बँकेत अमेंडमेंटचा अर्ज टाकतात. तो टाकण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: चूक कागदात आहे, की प्रत्यक्ष व्यवहारच बदलला आहे?

चाकणचा एक कारखाना चीनमधून प्लास्टिक मोल्डिंग मशीन आणतोय, असं धरू. एलसीत माल चढवण्याचं बंदर शांघाय, जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख ३१ मे आणि मुदत २१ जूनपर्यंत. पुरवठादाराच्या मसुद्यात मात्र तीन गोष्टी वेगळ्या आहेत. इनव्हॉइसवर मशीनचा मॉडेल क्रमांक चुकीचा टाइप झालाय, बंदर निंगबो आहे आणि जहाज ९ जूनला सुटणार आहे.

मॉडेल क्रमांकासाठी एलसीला हात लावायचं कारण नाही. इनव्हॉइस पुरवठादारानेच बनवलंय, तो दुरुस्त करून देईल. बंदर आणि तारीख यांचं तसं नाही. निंगबोतून निघालेल्या मालाच्या बिल ऑफ लेडिंगवर ‘शांघाय’ किंवा ‘३१ मे’ लिहायचं, तर तो खोटा दस्तऐवज होतो. ‘तारीख मागची टाकून घेऊ’ असं पुरवठादार सहज सुचवतो, त्याला साफ नकार द्यावा. इथे एलसीच बदलायला हवी.

आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम २००७ पासून लागू आहेत. त्यांनुसार बँक फक्त कागद बघते, माल बघत नाही. मशीन उत्तम असलं तरी बीएलवर निंगबो आणि एलसीत शांघाय असेल, तर बँकेच्या दृष्टीने कागदपत्रं सदोषच.

अर्जात आपण ‘बंदर: शांघायऐवजी निंगबो’ एवढंच लिहून मोकळे होतो आणि नेमकी तिथेच गफलत होते. एलसीत मालाच्या वर्णनाखाली ‘एफओबी शांघाय’ असंही लिहिलेलं असतं. ते तसंच राहिलं तर एलसीतच दोन बंदरं होतात आणि नवा वाद उभा राहतो. म्हणून बंदराचं नाव एलसीत जिथे जिथे आहे तिथे तिथे शोधून प्रत्येक जागा अर्जात नमूद करावी. एफओबी व्यवहारात मालाचा विमा सहसा आयातदारच उतरवतो, तेव्हा विमा कंपनीलाही नवं बंदर कळवावं.

तारखेचं तसंच आहे. चढवण्याची तारीख १५ जून केली, तर कागद सादर करायला २१ दिवस लागू शकतात, म्हणून मुदतही ६ जुलैपर्यंत वाढवावी लागते. ती २१ जूनच ठेवली, तर ९ जूनला निघालेल्या मालाचे कागद सादर करायला पुरवठादाराला जेमतेम १२ दिवस उरतात.

अर्जासोबत सुधारित प्रोफॉर्मा इनव्हॉइस किंवा पुरवठादाराचं लेखी पत्र जोडलेलं बरं. बँक शुल्क घेते आणि मुदत वाढली तर त्या वाढीव काळाचं कमिशनही घेते. मग पुरवठादाराच्या बाजूच्या बँकेला एमटी ७०७ हा स्विफ्ट संदेश जातो. बदल करणारी बँक संदेश पाठवताच बांधली जाते, पण पुरवठादाराने स्वीकारल्याशिवाय त्याच्यावर तो लागू होत नाही. स्वीकारायचा तर पूर्ण स्वीकारावा लागतो. बंदर मान्य, तारीख अमान्य, अशी निवड त्याला करता येत नाही.

एक विनंती मात्र आयातदाराने मान्य करू नये: ‘सर्व त्रुटींसह कागद स्वीकार्य’ अशी ओळ एलसीत घालून द्या, ही. ती घातली की कागद तपासून मगच पैसे द्यायचे, हे एलसीचं संरक्षणच संपतं.

आणि हे सगळं कागद बँकेत पोहोचायच्या आत व्हायला हवं. ते पोहोचल्यावर बँकेकडे तपासायला पाच कामाचे दिवस असतात. दोष निघाला तर ती आयातदाराला विचारू शकते, तो ‘चालेल’ म्हणू शकतो, पण त्याचा होकार बँकेवर बंधनकारक नसतो आणि त्यासाठी पाच दिवस वाढतही नाहीत. दरम्यान कंटेनर न्हावा शेव्याला उतरून पडलेला असेल, तर मूळ बीएल हाती नसल्याने तो सोडवता येत नाही. डिमरेज आणि डिटेन्शनची आकारणी सुरू होते आणि ती आयातदाराच्याच खिशातून जाते. म्हणून जहाज सुटण्याआधीच मसुदे मागवून घ्यावेत. बीएलचा मसुदा आला की आधी त्यातलं बंदर आणि तारीख एलसीशी ताडून बघावी.