लाल मातीवरचा भाव: टेनिस सामन्याची शक्यता कशी काढतात

२००८ च्या फ्रेंच ओपनला रॉजर फेडरर जागतिक क्रमवारीत पहिला होता आणि राफाएल नदाल दुसरा. अंतिम सामना नदालने ६-१, ६-३, ६-० असा जिंकला. महिनाभरातच विम्बल्डनच्या गवतावर तेच दोघे पुन्हा भिडले. तिथेही नदालच जिंकला, पण त्यासाठी पाचवा सेट ९-७ पर्यंत खेचावा लागला. खेळाडू तेच, फॉर्मही साधारण तोच. बदलली होती पायाखालची जमीन. लाल मातीवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो, गवतावर तो खाली राहून सुळकन निघून जातो. सामना कोण जिंकेल याची शक्यता काढून तिचा भाव ठरवायचा, तर हा फरक आकड्यांत आणावा लागतो.

त्याचा पाया म्हणजे एलो रेटिंग. आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ही पद्धत बुद्धिबळासाठी बसवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला समजा १५०० गुणांपासून सुरुवात करून देतात. नंतरच्या प्रत्येक सामन्यात हरणाऱ्याचे गुण कमी होतात, जिंकणाऱ्याचे वाढतात. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवले तर वाढ मोठी, दुबळ्याला हरवले तर किरकोळ. जागतिक क्रमवारीत स्पर्धेत कुठवर मजल मारली याचे गुण मिळतात. एलोमध्ये कोणाला हरवले ते मोजले जाते. दोघांच्या रेटिंगवरून पहिल्याच्या विजयाची शक्यता अशी निघते:

```
P = 1 / (1 + 10^((Rb - Ra)/400))
```

सामन्यानंतर रेटिंग किती हलवायचे हे K नावाचा आकडा ठरवतो. टेनिससाठी वापरात असलेले एक सूत्र `K = 250/(n+5)^0.4` असे आहे. N म्हणजे खेळाडूने आधी खेळलेले सामने. पाचच सामने खेळलेल्या नवख्याचा K सुमारे १०० येतो, १२० सामने खेळलेल्याचा ३६. नवख्याबद्दल माहिती थोडी असल्याने त्याचे रेटिंग पटापट हलू द्यायचे, मुरलेल्याचे सावकाश, हा त्यामागचा विचार.

आता पृष्ठभाग. सरळ उपाय म्हणजे क्ले, गवत आणि हार्ड कोर्ट यांची तीन वेगळी रेटिंग ठेवणे. पण गवताचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. वर्षाकाठी पाच-सहा सामन्यांवर उभ्या असलेल्या रेटिंगवर भिस्त ठेवणे धोक्याचे. म्हणून एकूण रेटिंग आणि त्या पृष्ठभागाचे रेटिंग यांची सरासरी घेतात. निम्मे-निम्मे ही सुरुवात ठीक आहे. गवतासाठी एकूण रेटिंगचा वाटा वाढवलेला बरा.

एक काल्पनिक सामना घेऊ. ‘अ’चे एकूण रेटिंग २०००, क्लेवरचे २१००. ‘ब’चे एकूण २०५०, क्लेवरचे १९५०. नुसते एकूण रेटिंग पाहिले तर ‘अ’ची शक्यता ४३ टक्के, नुसते क्लेचे पाहिले तर ७० टक्के. सरासरीने ‘अ’ २०५० आणि ‘ब’ २००० होतो, ‘अ’ची शक्यता ५७ टक्के. शक्यतेचा व्यस्त म्हणजे रास्त भाव: १ भागिले ०.५७, म्हणजे १.७५. एका रुपयाला मुद्दलासह पावणेदोन रुपये परत. हीच शक्यता तीन सेटच्या सामन्याची धरली, तर पुरुषांच्या ग्रँड स्लॅममधल्या पाच सेटच्या लढतीत ती ५९ टक्क्यांवर जाते, कारण लांब सामन्यात वरचढ खेळाडूला सावरायला वाव मिळतो.

बाजारातला भाव मात्र थेट या आकड्याशी ताडून चालत नाही. समजा ‘अ’चा भाव १.८० आणि ‘ब’चा २.०० आहे. दोन्हींचे व्यस्त घेतले तर ५५.६ आणि ५०, बेरीज १०५.६ टक्के. शंभरावरचे साडेपाच टक्के हा भाव देणाऱ्याचा नफा. तो त्याच प्रमाणात वजा केला की बाजाराच्या मते ‘अ’ची शक्यता ५२.६ टक्के उरते. मॉडेल ५७ म्हणते, म्हणून बाजार चुकला असे लगेच मानू नये. दुखापत, सलग सामन्यांचा थकवा, सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतरचे पुनरागमन यांतले काहीही एलोला दिसत नाही. विश्रांतीच्या काळात रेटिंग जिथल्या तिथे गोठलेले असते. अर्धवट सोडलेल्या सामन्याचे काय करायचे हेही आधी ठरवावे लागते. पहिल्या सेटमध्ये पाय मुरगळून बाहेर पडलेल्याचे गुण पूर्ण कापले, तर ते रेटिंग खेळापेक्षा दुखापतीचीच नोंद करते.

मॉडेलचा खरा कस लागतो जुन्या सामन्यांवर. ज्या सामन्यांत त्याने ६५ ते ७० टक्के शक्यता सांगितली होती, ते सगळे एकत्र काढायचे आणि त्यांतले खरोखर किती जिंकले ते मोजायचे. निकाल ६० टक्क्यांच्या आसपास आला, तर मॉडेलला फाजील आत्मविश्वास आहे. ही तपासणी पृष्ठभागनिहाय करावी, कारण क्लेवरची चूक हार्ड कोर्टच्या असंख्य सामन्यांत सहज झाकली जाते. आणि प्रत्येक भाकितासाठी त्या सकाळपर्यंतचेच रेटिंग वापरावे. त्या सामन्याचा निकाल रेटिंगमध्ये आधीच मिसळला असेल, तर मॉडेल कागदावर अचूक दिसते आणि पुढच्या आठवड्यात साफ कोसळते.