रोहित पक्षी ‘आपण माणसांनी’ म्हणेल का?

दहावीच्या मुलामुलींनो,

सराव परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या. लेखनकौशल्याच्या ८ गुणांच्या प्रश्नात बहुतेकांनी ‘खाडीवरील रोहित पक्ष्याचे मनोगत’ हे आत्मकथन निवडले, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

गैरसमज : माहिती भरली की आत्मकथन झाले.

‘मी रोहित पक्षी. माझे पाय लांब असतात. माझा रंग गुलाबी असतो.’ यात ‘मी’च्या जागी ‘तो’ घाला. एकही वाक्य अडत नाही. म्हणजे ही नुसती माहिती झाली. आत्मकथनात माहितीही पक्ष्याच्या जगण्यातून यायला हवी. भरतीच्या वेळी ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, म्हणून हे पक्षी नेरुळच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात आणि ओहोटी लागली की पुन्हा खाडीत चरायला जातात. हे तुम्ही पाम बीच रस्त्यावरून जाता-येता पाहिले आहे. मग असे लिहा : ‘भरतीने माझे ताट बुडवले, म्हणून मी इथे एका पायावर थांबलो आहे. ओहोटी लागली की मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलातले शेवाळ गाळून खाईन. माझा गुलाबी रंग त्याच शेवाळातून येतो.’ रंगाची माहिती इथेही आहेच, पण ती आता त्याच्या भुकेला जोडलेली आहे.

गैरसमज : शेवटी उपदेश हवाच.

कितीतरी जणांच्या शेवटच्या परिच्छेदात पक्षी म्हणतो, ‘आपण माणसांनी पर्यावरण जपले पाहिजे.’ इथे पक्षी गेला आणि विद्यार्थी बोलू लागला. पाणथळ जागा बुजली तर पुढच्या भरतीला हा पक्षी कुठे उतरणार, एवढे त्याने विचारले तरी म्हणणे पोचते. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘आपण’ खाली रेघ मारा आणि त्यात नेमके कोण येते ते तपासा.

सुविचाराने सुरुवात केली म्हणून वेगळे गुण मिळत नाहीत. शब्दमर्यादेतल्या दोन ओळी मात्र त्यात जातात.

गैरसमज : ऱ्हस्व-दीर्घ पाठच करावे लागते.

बरेचसे नियमाने सुटते. मराठी शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार किंवा उकार दीर्घ असेल, तर प्रत्यय लागताना तो सहसा ऱ्हस्व होतो : जमीन, जमिनीवर, फूल, फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत : शरीर, शरीराला. आणि ज्यांनी शीर्षकातच ‘पक्षाचे मनोगत’ लिहिले, त्यांच्या निबंधात राजकीय पक्ष बोलतो आहे. पक्षी या शब्दाचे रूप ‘पक्ष्याचे’ होते.

सोमवारी फक्त शेवटचा परिच्छेद नव्याने लिहून आणा, पक्ष्याच्याच तोंडून.