शून्य ते पंधरा: दिवा मंद करणारी मोजणी

एलईडीचे व्होल्टेज कमी करत गेले तर तो त्या प्रमाणात मंदावत नाही. एका पातळीखाली उतरला की सरळ विझतो. म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज द्यायचे, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचे. प्रत्येक फेरीत तो जितका वेळ चालू असतो, त्या प्रमाणाला ड्यूटी सायकल म्हणतात.

हे प्रमाण आकड्याने ठरवायला दोन चिप पुरतात: मोजणारा ७४१६३ काउंटर आणि दोन आकड्यांत लहान-मोठा ठरवणारा ७४८५ कंपॅरेटर. काउंटरला सेकंदाला १६,००० ठोके दिले की तो ०पासून १५पर्यंत मोजतो आणि न थांबता पुन्हा ०वर येतो. त्याची एक फेरी १६ ठोक्यांची, म्हणजे सेकंदात १,००० फेऱ्या. एवढ्या वेगाने होणारी उघडझाप डोळ्यांना कळत नाही.

कंपॅरेटरच्या एका बाजूला हा धावता आकडा आणि दुसऱ्या बाजूला छोट्या स्विचांनी लावलेला आकडा, समजा ४. धावता आकडा त्याहून लहान असेपर्यंत दिवा चालू. ०, १, २, ३ या चार ठोक्यांपुरता तो पेटतो आणि उरलेले बारा ठोके बंद राहतो. ड्यूटी सायकल झाली २५ टक्के. स्विचवर १२ लावले की ७५ टक्के. फेरीचा वेग मात्र तोच राहतो, आणि या रचनेची खरी खुबी हीच.

एक अडचण उरते. सर्वांत मोठा आकडा १५, म्हणजे दिवा १६ पैकी १५ ठोकेच चालू. पूर्ण १०० टक्के मिळतच नाहीत. आकडे समान असतानाही दिवा चालू ठेवला तर १०० टक्के मिळतात, पण मग शून्य हातचे जाते.

सर्वांत फसवा दोष निघतो तो स्वस्तातला रिपल काउंटर वापरल्यावर. त्याचे चारही बिट एकदम बदलत नाहीत, एकामागून एक बदलतात. त्यामुळे ७वरून ८वर जाताना तो क्षणभर ६, ४, ० असे आकडे दाखवतो. स्विचवर ५ असेल, तर ४ आणि ० त्याहून लहान. कंपॅरेटर लगेच काही नॅनोसेकंदांचा खोटा पल्स सोडतो. दिव्यात फरक दिसत नाही. तोच सिग्नल पुढे पल्स मोजणाऱ्या सर्किटला दिला की मोजणी चुकते, आणि ऑसिलोस्कोपवर मधेच उगवलेली बारीक रेघ दिसते. ७४१६३चे बिट एकाच ठोक्याला बदलतात, त्यामुळे धोका बराच कमी होतो. तरीही कंपॅरेटरपुढे एक फ्लिप-फ्लॉप लावावा. तो पुढच्या ठोक्याला, आकडे स्थिरावल्यावरच, उत्तर पुढे पाठवतो. सिग्नल एक ठोका उशिरा निघतो, एवढेच.

आर्डुइनो उनोमधल्या चिपच्या पोटात हीच जोडी आहे, फक्त ८ बिटांची: ०पासून २५५पर्यंत. तिथे समान आकड्यालाही सिग्नल चालू राहतो, म्हणून शून्य दिले तरी २५६ पैकी एक ठोका उरतोच. त्यामुळे `analogWrite` ला ० दिल्यावर आर्डुइनोची लायब्ररी मोजणीचा नाद सोडून ती पिन थेट बंद करते.