शिक्षक खरा, पण कोणत्या वर्गाचा?

महाविद्यालयाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोणी लॉगिन केले की सर्व्हरला दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आलेली व्यक्ती कोण, हा पहिला प्रश्न. तो पासवर्ड किंवा ओटीपी सोडवतो. तिला इथे काय काय करता येईल, हा दुसरा. विद्यार्थ्याने स्वतःचे गुण पाहावेत, शिक्षकाने ते भरावेत, अ‍ॅडमिनने खाती उघडावीत आणि बंद करावीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र लिहून ठेवायचे म्हटले तर दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ती यादी दरवर्षी जूनमध्ये कोसळते. म्हणून अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यायचे आणि व्यक्तीला भूमिका द्यायची, अशी पद्धत रूढ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली ती औपचारिक रूपात मांडली. २००४ साली ती अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाली.

नव्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ही रचना पहिल्या दिवसापासून बसवता येते. खरा कस लागतो तो आधीपासून चालू असलेल्या, रोज वापरात असलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये. पायथन भाषेतील जँगो या चौकटीत बांधलेले एक नमुन्याचे अ‍ॅप्लिकेशन घेऊ. त्यात वापरकर्त्यांच्या तक्त्यात `is_teacher` आणि `is_admin` असे हो-नाही स्वरूपाचे दोन रकाने आहेत. पानावर ‘गुण बदला’ हे बटण फक्त शिक्षकाला दिसते. विद्यार्थ्याला आपले गुण `/marks/417/` या पत्त्यावर दिसतात.

त्याने ४१७ च्या जागी ४१८ टाइप केले तर काय होईल? अशा अ‍ॅप्लिकेशनमध्ये बहुतेक वेळा शेजारच्या मुलाचे गुण उघडतात. बटण लपवले म्हणजे दार बंद झाले, असा समज इथे नडतो. बटण ब्राउझरमध्ये असते आणि ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात. सर्व्हरकडे येणारी विनंती बटण न दाबताही पाठवता येते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेने २०२१ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत मोडक्या प्रवेशनियंत्रणाला पहिला क्रमांक दिला. २०१७ च्या यादीत ते पाचवे होते.

कामाची सुरुवात कोड लिहिण्याने होत नाही, तर मोजदादीने होते. अ‍ॅप्लिकेशनचे सगळे पत्ते एका तक्त्यात उतरवायचे आणि प्रत्येकासमोर कोणी पाहायचे, कोणी बदलायचे हे लिहायचे. मुख्य पाने सगळ्यांच्या लक्षात असतात. निसटतात ती आडवळणाची: गुणांची एक्सेल फाइल उतरवण्याचा दुवा, नावाने शोधण्याची सोय, मोबाइल अ‍ॅपसाठी उघडलेला एपीआय. या शेवटच्या बाबतीत एक खाच आहे. जँगोसोबत एपीआयसाठी सर्रास वापरले जाणारे ‘रेस्ट फ्रेमवर्क’ मुळात `AllowAny` या नियमावर चालते, म्हणजे वेगळे काही सांगितले नाही तर कोणालाही आत सोडते. हा मूळ नियम आधी उलटा करून घ्यावा लागतो: ज्या पत्त्याला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, तो बंद. मग एखादा पत्ता यादीतून निसटला तरी त्याची तक्रार येते. गळती मात्र होत नाही.

मोजदाद चालू असतानाच एक अवघड गोष्ट समोर येते. ‘शिक्षक गुण बदलू शकतात’ हा नियम अपुरा आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी मराठीचे गुण बदलायचे नसतात, आणि ‘अ’ तुकडीच्या शिक्षकांना ‘ब’ तुकडीच्या यादीशी कर्तव्य नसते. शिवाय एकच माणूस दोन भूमिकांत असू शकतो: अकरावीला शिकवणाऱ्या शिक्षिका त्याच प्रणालीतल्या संगणक प्रशिक्षण वर्गात विद्यार्थिनी असतील. थोडक्यात, भूमिका माणसाला सरसकट चिकटवून चालत नाही; ती कुठल्या तरी वर्गापुरती असते. मूडल या मुक्त शिक्षणप्रणालीने नेमकी हीच वाट धरली आहे. तिथे भूमिका संपूर्ण प्रणालीसाठी, एका अभ्यासक्रमासाठी किंवा त्यातल्या एखाद्या उपक्रमापुरतीही देता येते.

त्यामुळे वापरकर्त्याच्या तक्त्यात `role` नावाचा एक रकाना घालणे हा सर्वांत सोपा उपाय इथे बाद होतो. त्याऐवजी `Enrolment` हा नोंदणीचा तक्ता लागतो. त्याच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: कोण, कोणत्या वर्गात, कोणत्या भूमिकेत. भूमिकेला परवानग्या जोडलेल्या असतात आणि त्यांची नावे कामावरून पडतात: `marks.view_all`, `marks.edit`, `marks.publish`. कोडने ‘हा शिक्षक आहे का’ असे विचारायचे नाही. ‘याला या वर्गात `marks.edit` आहे का’ असे विचारायचे. उद्या परीक्षा विभागप्रमुख अशी चौथी भूमिका आली तर तक्त्यात एक ओळ वाढते आणि कोडला हात लावावा लागत नाही.

आता ४१८ क्रमांकाकडे. गुणांची नोंद आधी आणायची आणि नंतर ती दाखवावी की नाही हे ठरवायचे, असे दोन टप्पे ठेवले तर दुसरा टप्पा कुठे ना कुठे राहून जातो. डेटाबेसकडून मागतानाच फक्त दिसण्याजोग्या ओळी मागणे जास्त खात्रीचे:

```python
def visible_marks(user):
    own = Q(student=user, published=True)
    taught = Q(
        course__enrolment__user=user,
        course__enrolment__role__permissions__code="marks.view_all",
    )
    return Mark.objects.filter(own | taught).distinct()
```

स्वतःचे आणि जाहीर झालेले गुण, किंवा ज्या वर्गात सगळे गुण पाहण्याची परवानगी आहे तिथले गुण, एवढाच याचा अर्थ. गुण दाखवणारे प्रत्येक पान, एक्सेलचा दुवा आणि एपीआय यांनी याच फंक्शनमधून जायचे. ४१८ मागणाऱ्या विद्यार्थ्याला मग ती ओळ सापडतच नाही आणि उत्तर `404` येते. `403`, म्हणजे ‘परवानगी नाही’, असे उत्तर दिले तर त्या क्रमांकाची नोंद अस्तित्वात आहे, एवढी माहिती बाहेर जाते. स्वतःच्याच वर्गाचे गुण जाहीर करण्याचा अधिकार नसलेल्या शिक्षकाला मात्र `403` च योग्य, कारण नोंद त्याला दिसतेच आहे.

वरच्या कोडमध्ये एक सापळा दडला आहे. वापरकर्ता आणि परवानगी या दोन्ही अटी एकाच `filter()` मध्ये आहेत, म्हणून जँगो त्या नोंदणीच्या एकाच ओळीला लावते. त्याच अटी एकामागून एक दोन `filter()` मध्ये लिहिल्या तर अर्थ बदलतो: या वर्गात हा वापरकर्ता असलेली एक ओळ हवी, आणि या वर्गात ती परवानगी असलेली कोणतीही एक ओळ हवी. दुसरी अट वर्गाच्या शिक्षकांच्या ओळीने पुरी होते. परिणामी वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सगळ्यांचे गुण दिसू लागतात. कोड वाचताना ही चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही, आणि शिक्षकाच्या खात्यातून तपासले तर सगळे बरोबरच वाटते. विद्यार्थ्याच्या खात्यातून शेजाऱ्याचे गुण मागणारी चाचणीच ती पकडते. चाचणी अ‍ॅडमिनच्या खात्यातून करण्यात तर काहीच अर्थ नाही: जँगोमध्ये `is_superuser` असलेल्या चालू खात्याला `has_perm()` प्रत्येक परवानगीसाठी ‘हो’ म्हणते.

जुनी माहिती नव्या तक्त्यात आणताना `is_teacher` फारसा उपयोगी पडत नाही. तो कोणता वर्ग ते सांगत नाही. ते सांगते वेळापत्रक किंवा विषयवाटपाची नोंद. ज्या शिक्षकांचे नाव त्यात सापडत नाही त्यांना ‘तात्पुरते सगळे वर्ग’ देण्याचा मोह टाळावा. त्यांत नोकरी सोडून गेलेल्यांची खातीही निघतात. रजेवरच्या शिक्षकाच्या जागी आलेल्यांसाठी नोंदणीच्या ओळीला मुदतीची तारीख ठेवणे सोयीचे, फक्त तिची अटही त्याच `filter()` मध्ये जायला हवी.

नवे नियम एका रात्रीत लागू केले तर सकाळी कार्यालयाचा फोन थांबत नाही. म्हणून काही काळ नवी तपासणी मुक्याने चालवतात. प्रत्येक विनंतीवर जुना निर्णय अमलात येतो, नवा निर्णय फक्त लॉगमध्ये लिहिला जातो आणि दोन्हींत फरक पडेल तिथे खूण होते. जुन्याने सोडले आणि नव्याने अडवले, तर एक तर परवानगी द्यायची राहिली आहे किंवा आजवरची गळती सापडली आहे. जुन्याने अडवले आणि नव्याने सोडले, तर ते अधिक गंभीर, कारण नवा नियम सैल आहे आणि त्याबद्दल तक्रार करायला कोणी येणार नाही. या काळात गुण भरण्याचा एक तरी हंगाम यायला हवा, कारण ती पाने एरवी उघडलीच जात नाहीत. ४१८ सारखे उघडे भगदाड मात्र तोवर तसेच ठेवायचे नसते. ते त्याच दिवशी बुजवावे.

तपासणी लागू झाल्यावरही दोन जागांवर लक्ष ठेवावे लागते. पहिली म्हणजे स्वतःची माहिती बदलण्याचा फॉर्म. फॉर्ममधून आलेले सगळे रकाने सर्व्हर डोळे मिटून साठवत असेल, तर कोणीही विनंतीत `is_admin=true` एवढे जोडून अ‍ॅडमिन होऊ शकतो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर याच जातीच्या त्रुटीचा वापर करून एका व्यक्तीने रेल्स प्रकल्पाच्या खात्याला स्वतःची किल्ली जोडली होती. कोणते रकाने स्वीकारायचे याची नेमकी यादी देणे हा त्यावरचा उपाय.

दुसरी जागा टोकनची. मोबाइल अ‍ॅपला दिलेल्या सही केलेल्या टोकनमध्ये भूमिका लिहिली असेल, तर डेटाबेसमधून ती काढल्यावरही टोकनची मुदत संपेपर्यंत ती जिवंत राहते. चोवीस तासांचे टोकन असेल तर सकाळी पदमुक्त झालेला माणूस रात्रीही गुण बदलू शकतो. टोकनमध्ये फक्त ओळख ठेवावी आणि परवानगी दर वेळी डेटाबेसला विचारावी. एका महाविद्यालयाच्या वापरापुरता त्याचा भार नगण्य असतो.

अ‍ॅडमिन ही भूमिकाही एकसंध ठेवू नये. खाती उघडणाऱ्या लिपिकाला गुण बदलण्याचे कारण नाही. भूमिका देणे आणि काढणे याची नोंद कोणी, कोणाला, केव्हा अशी वेगळ्या तक्त्यात जावी, आणि शेवटच्या अ‍ॅडमिनला स्वतःची भूमिका काढता येऊ नये, नाहीतर प्रणाली आतून बंद होते.

लॉगमधले फरक शून्यावर आले की शेवटचे काम उरते: `is_teacher` आणि `is_admin` हे जुने रकाने डेटाबेसमधून काढून टाकणे. हे काम नेहमी पुढे ढकलले जाते. पण ते रकाने आहेत तोवर घाईत असलेला कोणी ना कोणी प्रोग्रामर `if user.is_teacher` असे लिहिणारच, आणि त्या एका ओळीपाशी नवी रचना निकामी ठरेल.